व्हीएमसी भाड्यानं घ्यायची की विकत : टॅक्स वजा करून हिशोब कसा मांडायचा

मागच्या महिन्यात भाचा आला, खिशात दोन कागद. एक बँकेच्या लोनचं कोटेशन, एक लीज कंपनीचं. त्याचं बेळगावच्या उद्यमबागमध्ये छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं मशिनिंग करतो, हायड्रॉलिकवाल्यांचं काम पण असतं. एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंगचं मशीन, वाढवायची होती. चहा यायच्या आतच म्हणाला, "मामा, भाडं ईएमआयपेक्षा कमी पडालंय की, शिवाय सगळं भाडं खर्चात जातंय, मग लीजच बरं न्हवं?"

मी वीसेक वर्षं इथल्या वर्कशॉपांचे हिशोब लिहितोय आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. वाक्यातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तरी निष्कर्ष चुकीचा निघू शकतो. तो कसा, आणि बरोबर हिशोब कसा करायचा, ते त्याच्याच आकड्यांवर दाखवतो. तुमचं मशीन वेगळं असेल, टॅक्स रेट वेगळा असेल, पण पायऱ्या याच. एक वही किंवा साधी एक्सेल शीट पुरते.

आधी कागदावरचे आकडे

मशीनची किंमत ३० लाख, वर १८ टक्के जीएसटी. बँकेचा रेट साडेदहा टक्के, पाच वर्षं, पूर्ण ३० लाखांवर ईएमआय येतो साधारण ६४,४८२. लीजचं भाडं महिन्याला ६२,००० अधिक जीएसटी, पाच वर्षं, तीन महिन्यांचं भाडं म्हणजे १ लाख ८६ हजार बिनव्याजी डिपॉझिट, आणि पाच वर्षांनी मशीन परत.

भाच्यानं काय केलं होतं, तर ईएमआय गुणिले ६० म्हणजे ३८ लाख ६९ हजार, भाडं गुणिले ६० म्हणजे ३७ लाख २० हजार, दीड लाख वाचले, संपलं. यात गोची अशी की साठावा ईएमआय भरल्यावर मशीन तुमच्या शेडमध्येच राहतं आणि साठावं भाडं भरल्यावर ट्रेलर येऊन घेऊन जातो. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या वस्तूंच्या आहेत. दुसरं म्हणजे आजचा रुपया आणि पाचव्या वर्षातला रुपया एकाच पिशवीत टाकलेत. आणि तिसरं, टॅक्स कुठंच नाही, नुसतं तोंडी "खर्चात जातं".

काय हिशोबात घ्यायचं आणि काय सोडायचं

इथं नवीन माणूस सगळंच लिहायला जातो आणि बुडतो. नियम एकच, दोन्ही पर्यायांत जे सारखं आहे ते सोडून द्या. ऑपरेटरचा पगार, टूलिंग, कुलंट, फाउंडेशन, वीज कंपनी हेस्कॉमकडून लोड वाढवून घ्यायचा खर्च, मशीनवर मिळणारं जॉबवर्कचं उत्पन्न, हे सगळं मशीन कुणाच्याही मालकीचं असलं तरी तेवढंच. एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, कोण भरणार ते मात्र लीजच्या कागदात बघा, भाच्याच्या कागदात ती भाडेकरूनंच भरायची होती, इन्शुरन्स पण त्यानंच, म्हणजे सारखंच, म्हणून सोडलं.

मशीन घ्यायचंच का, हा प्रश्न पण इथं नाही. तो आधीच सुटलेला असला पाहिजे. हातात काम नसेल तर लीजनं पण नुकसानच होणार, फक्त हप्त्याहप्त्यानं.

जीएसटीचं थोडं समजून घ्या. विकत घेतलं तर ५ लाख ४० हजार एकदम भरावे लागतात, भाड्यावर महिन्याला ११,१६०. रेग्युलर जीएसटीत असाल तर दोन्हीचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या जीएसटी देण्यातून वजा होतो, म्हणून मी दोन्हीकडून जीएसटी काढूनच आकडे धरतो. क्रेडिट घेतलेल्या जीएसटीवर डेप्रिसिएशन, म्हणजे मशीनच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट, मात्र मिळत नाही, म्हणजे डेप्रिसिएशन ३० लाखांवर, ३५ लाख ४० हजारांवर नाही. ही चूक मी छापील प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पण बघितलीय. आणि तुमची महिन्याची जीएसटी देणी कमी असेल तर ते पाच लाख क्रेडिट लेजरमध्ये महिनोन् महिने पडून राहतं, तेवढं व्याज अंगावर येतं. भाच्याचं क्रेडिट तीन-चार महिन्यांत जिरणार होतं म्हणून मी ते सोडलं. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिटच नाही, मग दोन्हीकडं जीएसटी धरून आकडे घ्या.

टॅक्स रेट : तुमचा स्वतःचा

भाच्याची प्रायव्हेट लिमिटेड आहे, २२ टक्क्यांच्या स्कीममध्ये, सरचार्ज आणि सेस मिळून २५.१७ टक्के होतात. हिशोब डोक्यात बसावा म्हणून मी २५ धरतो. पार्टनरशिप असेल तर ३० अधिक सेस म्हणजे ३१.२ टक्के, आणि उत्पादन करणाऱ्या फर्मला नव्या मशीनवर पहिल्या वर्षी २० टक्के जादा डेप्रिसिएशन पण मिळू शकतं, त्यानं खरेदीची बाजू बरीच जड होते. २२ टक्क्यांच्या स्कीममध्ये ते जादा डेप्रिसिएशन नाही. तेव्हा शेजारच्या शॉपवाल्यानं काय केलं ते बघून ठरवू नका, त्याची फर्म असेल आणि तुमची कंपनी.

एक वेगळाच गट आहे आणि तो आपल्याकडं मोठा आहे. टर्नओव्हरच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून रिटर्न भरणारे. त्यांचा सगळा खर्च धरूनच तो नफा मानला जातो, वेगळं भाडं पण वजा होत नाही आणि वेगळं डेप्रिसिएशन पण नाही. त्यांच्याकडं कुणी "भाडं पूर्ण खर्चात जातं" असं सांगत आला तर त्याला चहा पाजा आणि पाठवा, कारण त्यांना यातून टॅक्सचा एक रुपया वाचत नाही. त्यांनी टॅक्स शून्य धरून हा हिशोब करायचा, त्याचा आकडा पुढं देतो.

डिस्काउंट रेट कुठून आणायचा

पुढच्या वर्षांतले रुपये आजच्या किमतीत आणायला जो टक्का लावायचा तो डिस्काउंट रेट, आणि इथं लोक अडखळतात. कुणी १८ टक्के धरतो कारण "धंद्यात तेवढं सुटायला पाहिजे", कुणी एफडीचा रेट धरतो. पण विचार करा, लीज घेतल्यानं तुम्ही खरं काय टाळता? बँकेचं लोन टाळता. लीजचं भाडं ही पण लोनसारखीच बांधलेली देणी आहे, दर महिन्याला द्यायचीच, काम असो नसो. म्हणून तुलना लोनच्या रेटशी.

आणि तो रेट टॅक्सनंतरचा. शंभर रुपयांवर साडेदहा रुपये व्याज भरलं की ते खर्चात जाऊन टॅक्स २ रुपये ६२ पैसे कमी होतो, म्हणजे खिशातून गेले ७ रुपये ८८ पैसे. मी ८ टक्के धरतो. याचा अर्थ पुढच्या वर्षीचे १ लाख ८ हजार आणि आजचे १ लाख एकच. पाच वर्षांनंतरच्या एका रुपयाची आजची किंमत ६८ पैसे.

भाच्यानं विचारलं, मग ईएमआय कुठं लिहायचा? कुठंच नाही. लोनचे सगळे हप्ते, त्यातल्या व्याजावरचा टॅक्स वजा करून, लोनच्याच टॅक्सनंतरच्या रेटनं आजच्या किमतीत आणले की परत ३० लाखच येतात. म्हणून खरेदीच्या बाजूला आज ३० लाख गेले एवढंच लिहायचं, लोनचं व्याज डिस्काउंट रेटमध्ये बसलेलं आहे. ईएमआय पण लिहिला आणि ३० लाख पण लिहिले तर एकच खर्च दोनदा लागला. व्याज वेगळं वजा केलं आणि वर डिस्काउंट पण केलं तरी तेच. या जागी सगळ्यात जास्त वह्या चुकतात.

लीजची बाजू

ही सोपी. वर्षाचं भाडं ७ लाख ४४ हजार, ते खर्चात गेल्यानं १ लाख ८६ हजार टॅक्स वाचला, खिशातून ५ लाख ५८ हजार. पाच वर्षं तेवढेच. पाच वर्षांचे ८ टक्क्यांचे फॅक्टर, म्हणजे त्या त्या वर्षातल्या एका रुपयाची आजची किंमत, बेरीज करून ३.९९२७ होतात, गुणलं की २२ लाख २८ हजार.

डिपॉझिट लोक विसरतात कारण "ते परत मिळतंय". मिळतं, पण १ लाख ८६ हजार आज दिले आणि पाच वर्षांनी तेवढेच घेतले तर आजच्या किमतीत १ लाख २७ हजारच परत आले, ५९ हजार गेले. एकूण लीजचा खर्च २२ लाख ८७ हजार.

भाडं महिन्याला जातं आणि मी ते वर्षाअखेरीला धरलंय, त्यामुळं लीज खऱ्यापेक्षा थोडी स्वस्त दिसतेय, खरेदीच्या टॅक्सच्या बचतीला पण तीच ढिलाई लागते पण तिथला आकडा लहान आहे. म्हणजे चूक लीजच्या बाजूनं आहे हे लक्षात ठेवा, निकाल काठावर असेल तेव्हा महिन्यावार करून बघा.

खरेदीची बाजू

आज ३० लाख गेले. त्यातून परत काय येतं, तर डेप्रिसिएशनमुळं वाचणारा टॅक्स, आणि शेवटी जुन्या मशीनची किंमत.

इन्कम टॅक्समध्ये मशिनरीला १५ टक्के, तेही उरलेल्या रकमेवर. पहिल्या वर्षी ४ लाख ५० हजार, मग उरले साडेपंचवीस लाख, त्याचे १५ टक्के ३ लाख ८२ हजार ५००, असं उतरत जातं. प्रत्येक वर्षाच्या डेप्रिसिएशनचे २५ टक्के म्हणजे वाचलेला टॅक्स :

पहिलं वर्ष १,१२,५००, आजची किंमत १,०४,१६७
दुसरं ९५,६२५, आजची ८१,९८३
तिसरं ८१,२८१, आजची ६४,५२४
चौथं ६९,०८९, आजची ५०,७८३
पाचवं ५८,७२६, आजची ३९,९६८

बेरीज ३ लाख ४१ हजार. इथं थांबून लीजशी ताडून बघा. भाड्यावर पाच वर्षांत ९ लाख ३० हजार टॅक्स वाचतो, डेप्रिसिएशनवर फक्त ४ लाख १७ हजार. लीजवाला एजंट नेमकं हेच दाखवतो आणि खोटं बोलत नाही. पण एक रुपया खर्च करून २५ पैसे टॅक्स वाचवला की ७५ पैसे गेलेलेच असतात, आणि भाड्यावर जास्त टॅक्स वाचतो याचं मोठं कारण भाडंच जास्त जातंय.

एक तारीख सांभाळा. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी अर्धंच डेप्रिसिएशन, साडेसात टक्के. म्हणजे साधारण ३ ऑक्टोबरपर्यंत मशीन चालू झालं पाहिजे, बिल त्या तारखेचं असून उपयोग नाही, कमिशनिंग रिपोर्ट आणि पहिल्या जॉबची नोंद पाहिजे. दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन चालू करायची आपल्याकडं हौस असते, दसरा उशिरा आला की मुहूर्त गाठून डेप्रिसिएशन हुकतं. नुकसान किती, तर या मशीनला आजच्या किमतीत १८ हजारांच्या आसपास, बाकीचं डेप्रिसिएशन जात नाही, पुढं ढकललं जातं. एवढ्यासाठी मुहूर्त बदलायचा की नाही ते घरात विचारा.

जुन्या मशीनची किंमत आणि ब्लॉकची भानगड

पाच वर्षांनी टॅक्सच्या पुस्तकात मशीनची शिल्लक किंमत १३ लाख ३१ हजार. बाजारात किती येईल? हा अख्ख्या हिशोबातला सगळ्यात पातळ आकडा. भाच्याला मी दोन ठिकाणी फोन करायला लावले, एक इथला जुन्या मशीनचा डीलर, एक कोल्हापूरचा, आणि विचारायचं असं की "याच मेकची पाच वर्षं जुनी, फानुक कंट्रोलर, दोन शिफ्ट चाललेली, तू मला किती देशील", कारण "मार्केट रेट काय" विचारलं की विकायचा रेट सांगतात, घ्यायचा नाही. आकडे मिळाले ९ आणि ११ लाख. १० धरले.

हे १० लाख मी ८ टक्क्यांनी नाही, १४ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतो. भाडं आणि डेप्रिसिएशन जवळपास ठरलेलं असतं, जुन्या मशीनचा भाव ठरलेला नसतो, तेव्हा त्याच्यावर तेवढा भरवसा ठेवायचा नाही. १४ च का, १५ का नाही, याला माझ्याकडं शास्त्र नाही, लोनच्या रेटवर तीन-चार टक्के चढवतो एवढंच. १० लाखांचे आज ५ लाख १९ हजार झाले.

आता भानगड. पुस्तकात १३ लाख ३१ हजार, विकलं १० लाखाला, मग ३ लाख ३१ हजार तोटा त्याच वर्षी वजा होणार असं पुस्तकी उदाहरणं बघून वाटतं. आपल्याकडं तसं होत नाही. १५ टक्केवाली सगळी मशिनरी एका ब्लॉकमध्ये असते, विकलेले १० लाख त्या ब्लॉकमधून वजा होतात, आणि उरलेले ३ लाख ३१ हजार ब्लॉकमध्येच राहून दरवर्षी १५ टक्क्यांनी झिजत राहतात. मशीन गेलं तरी त्याची सावली पुस्तकात. (ते एकच मशीन ब्लॉकमध्ये असेल आणि विकून ब्लॉक रिकामा झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा तो शॉर्ट टर्म कॅपिटल लॉस होतो आणि धंद्याच्या नफ्यातून वजाच होत नाही.)

त्या सावलीची किंमत काढायला वर्षानुवर्षं लिहीत बसायला नको, एका ओळीत निघते. मशीन पाच वर्षं पूर्ण झाल्यावर एप्रिलमध्ये विकलं असं धरून :

```
=331116*25%*15%/(15%+8%)
```

उत्तर ५३,९८६, हे पाच वर्षांनंतरचं, आजचे ३६,७००.

आता खरेदी : ३० लाखांतून ३ लाख ४१ हजार, ३७ हजार आणि ५ लाख १९ हजार वजा. हजारात न गुंडाळता पूर्ण आकडे धरले की २१ लाख २ हजार.

लीज २२ लाख ८७ हजार. खरेदी १ लाख ८५ हजारांनी स्वस्त, आणि आधी म्हटल्याप्रमाणं लीजला थोडी सूट देऊन.

एक्सेलचा सापळा

भाच्यानं घरी जाऊन एक्सेलमध्ये करून बघितलं आणि रात्री साडेदहाला फोन, "मामा, माझं उत्तर येगळं येवालंय". स्क्रीनचा फोटो मागवला. त्यानं आजचे ३० लाख पण फंक्शनच्या आत घातले होते. NPV हे फंक्शन पहिल्या खान्यातली रक्कम पण एका वर्षानंतरची आहे असं धरतं, त्यामुळं आज दिलेले ३० लाख त्याला २७ लाख ७८ हजार दिसले. आजची रक्कम बाहेर ठेवायची :

```
=B2+NPV(8%,B3:B7)
```

B2 मध्ये आजची, B3 पासून पुढची वर्षं. जाणारे पैसे उणे, येणारे अधिक. जुन्या मशीनचे १० लाख यात टाकू नका, त्यांचा रेट वेगळा आहे, वेगळ्या खान्यात १४ टक्क्यांनी काढून मग मिळवा. बरोबर झालंय का ते बघायचं असेल तर एकदा रेट शून्य टाका, नुसती साधी बेरीज यायला पाहिजे.

निकाल कशानं उलटतो

एक उत्तर आलं म्हणून उठायचं नाही. कुठला आकडा हलला की निकाल फिरतो ते शोधायचं, खरा निर्णय तिथं असतो.

पहिला, जुन्या मशीनचा भाव. १० लाखांऐवजी किती आले तर दोन्ही पर्याय सारखे पडतील? माझ्या हिशोबानं साधारण ५ लाख ४७ हजार. म्हणजे प्रश्न आता सोपा झाला, पाच वर्षांनी ही व्हीएमसी साडेपाच लाखांच्या वर जाईल का? भाच्याला दोघांनी ९ आणि ११ सांगितले होते, तेव्हा बरीच मोकळीक आहे. पण हेच एखादं खास एकाच गिऱ्हाइकाच्या जॉबसाठी बनवलेलं मशीन असतं, जे दुसऱ्या कुणाला नको, तर ही मोकळीक उरली नसती आणि लीजवाल्याच्या गळ्यात ते मशीन परत बांधणं शहाणपणाचं ठरलं असतं.

दुसरा, डिस्काउंट रेट. समजा बँकेची लिमिट भरलीय, तारण शिल्लक नाही, आणि पैसा मिळेल तर १६ टक्क्यांनीच. मग टॅक्सनंतरचा रेट १२ टक्के. फक्त तेवढा बदल करून बाकी सगळं तसंच ठेवलं तर लीज २० लाख ९२ हजार आणि खरेदी २१ लाख ४३ हजार. निकाल फिरला, लीज ५१ हजारांनी स्वस्त. कारण उघड आहे, महाग पैशात आज एकदम ३० लाख घालणं जड जातं. त्यामुळं ज्याला बँक साडेदहानं देते त्याचं उत्तर आणि ज्याला देत नाही त्याचं उत्तर एकाच मशीनला वेगळं येतं, आणि दोघंही बरोबर असतात. रेट टाकताना तुम्हाला खरंच मिळणारा टाका, पोस्टरवरचा नको.

तिसरा, टॅक्स. वर सांगितलेल्या ६-८ टक्केवाल्या गटासाठी टॅक्स शून्य, त्यामुळं रेट पण पूर्ण साडेदहा. लीज २८ लाख ५८ हजार, खरेदी २४ लाख ८१ हजार, फरक पावणेचार लाखांवर गेला. टॅक्सची वजावट ही लीजची जमेची बाजू होती, तीच काढून घेतली.

कंपनी तोट्यात असेल तर मधली स्थिती येते. टॅक्स आत्ता वाचत नाही, नफा येईल तेव्हा वाचतो, मग ती बचत त्या त्या वर्षात सरकवून लिहा. यात एक फरक असा की भाड्यामुळं झालेला धंद्याचा तोटा ८ वर्षांपर्यंतच पुढं नेता येतो, न वापरलेल्या डेप्रिसिएशनला वर्षांची मर्यादा नाही.

कागदात काय बघायचं

आकड्यात न दिसणारं पण आकडा बिघडवणारं. मी स्वतः एकदा अडकलोय, दुसऱ्या एका शॉपच्या कंप्रेसरच्या लीजमध्ये. कागदात बारीक अक्षरात होतं की मुदत संपायच्या ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर लीज आपोआप सहा महिने वाढते. पत्र पाठवायचं माझ्याकडं होतं, मार्च एंडिंगच्या गडबडीत राहिलं. सहा महिन्यांचं भाडं जास्त गेलं, मालक काही बोलले नाहीत, पण दिवाळीपर्यंत त्यांच्या टेबलासमोर उभं राहायला जड जायचं. भाच्याच्या कागदात पण तसंच कलम होतं. सहा महिने वाढले तर टॅक्स वजा करून २ लाख ७९ हजार, पाच वर्षांनंतरचे.

तसंच परत करताना मशीन उचलायचा आणि पोचवायचा खर्च कुणाचा, "चांगल्या अवस्थेत" म्हणजे स्पिंडलची किती झीज चालेल, मधेच बंद केली तर उरलेलं भाडं भरायचं का. आणि शेवटी मशीन किरकोळ रकमेत तुमच्या नावावर होणार असेल तर टॅक्सच्या दृष्टीनं ती लीज नसून हप्त्यावरची खरेदी ठरू शकते, मग भाडं पूर्ण खर्चात जात नाही, त्याऐवजी डेप्रिसिएशन आणि व्याज. असं कलम दिसलं की सही करायच्या आधी सीएला दाखवा, रिटर्नच्या वेळी नाही.

महिन्याचं भाडं ५० हजारांच्या वर असलं की त्यातून २ टक्के टीडीएस कापून भरायचा असतो, त्यानं खर्च बदलत नाही पण राहिला तर व्याज लागतं.

हा आकडा घेऊन काय करायचं

खरेदीचा खर्च २१ लाख २ हजार आहे हे कळल्यावर उलटं गणित करता येतं, किती भाड्याला लीज बरोबरीत येईल? डिपॉझिट तीन महिन्यांचंच धरून उत्तर आलं ५६,९८९, म्हणजे ५७ हजार. हा आकडा लिहून मी भाच्याला म्हटलं, आता फोन लाव, ईएमआय किती ते सांगू नकोस, एवढंच सांग की सत्तावन्नला जमत असेल तर बोलू.

आठवडाभर चाललं. ते ५९,५०० वर आले, ९० दिवसांचं कलम काढायला तयार झाले, पण डिपॉझिट सोडेनात. साडेएकोणसाठला लीज २१ लाख ९५ हजार पडत होती, खरेदीपेक्षा ९३ हजारांनी महाग. भाच्यानं बँकेत फाइल दिली. मशीन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येणार म्हणालाय, मी त्याला फाउंडेशन आत्ताच ओतून ठेवायला सांगितलंय, काँक्रीट सेट व्हायलाच वेळ जातो आणि ३ ऑक्टोबर काही थांबत नाही.